पोलरायझर लावूनही शेततळ्याच्या पाण्यावरची चकाकी का जात नाही?

हिवाळा लागला की पारोळा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यातून एक प्रश्न हमखास येतो. शेततळ्याची पातळी रोज जरा जास्तच उतरतेय, तळाला अंथरलेला प्लास्टिकचा कागद कुठेतरी फाटला असावा असा संशय आहे. पाणी उपसून बघणं परवडत नाही, म्हणून कोणीतरी सुचवतं की मोबाइलपुढे पोलरायझर फिल्टर धर, वरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. फिल्टर मागवला जातो, बांधावर उभं राहून फिरवून बघितला जातो आणि उत्तर येतं, "भाऊ, आभाळच दखास, कागद काही दखास नही."

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि फोटोही काढतो, त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्याकडे येतो. फिल्टर बहुतेक वेळा चांगलाच असतो. चुकतो तो पाण्याकडे बघण्याचा कोन. पण कोनाकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण त्या चुकल्या असतील तर कोन कितीही बरोबर धरला तरी फरक दिसणार नाही.

पहिली गोष्ट, फिल्टर उलटा तर धरलेला नाही ना? बाजारात मिळतो तो बहुधा सर्क्युलर पोलरायझर असतो. त्यात दोन थर असतात. दृश्याच्या बाजूला खरा पोलरायझर आणि कॅमेऱ्याच्या बाजूला प्रकाशाची कंपनं वर्तुळाकार करणारा दुसरा थर. मोठ्या कॅमेऱ्यावर आट्यांमुळे तो सरळच बसतो. मोबाइलपुढे हाताने धरताना मात्र सहज उलटा होतो. उलटा धरला की परावर्तित प्रकाश आधी त्या दुसऱ्या थरातून जातो, आणि मग फिल्टर कितीही फिरवा, उजेड तेवढाच राहतो, फार तर रंगाची छटा थोडी बदलते. तपासायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो, कारण त्याच्या पडद्यातून येणारा प्रकाश आधीच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंपन पावणारा असतो. फिल्टरमधून त्या पडद्याकडे बघत फिल्टर फिरवा. पडदा एका स्थितीत काळा पडला तर पडद्याकडची बाजू ही दृश्याकडे ठेवायची बाजू. काळा पडतच नसेल तर फिल्टर पालटा. आटे कॅमेऱ्याच्या बाजूला, हे लक्षात ठेवलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट मोबाइलची. चकाकी कमी झाली की दृश्य अंधारतं, आणि मोबाइल लगेच आपणहून उजेड वाढवतो. त्यामुळे फिल्टरने केलेलं काम डोळ्यांपुढे पुसलं जातं आणि काहीच झालं नाही असं वाटतं. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या पाण्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. ते केल्यावरच फिल्टर फिरवा. त्याहून बरं म्हणजे आधी मोबाइल बाजूला ठेवून फिल्टर थेट डोळ्यापुढे धरा. डोळ्याला दिसलं तर कॅमेऱ्यालाही दिसेल. (डोळ्याने बघतानाही आट्यांची बाजू डोळ्याकडेच हवी.)

आता कोनाचं. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश प्रत्येक कोनात पूर्ण ध्रुवित नसतो. तो फक्त एका कोनात पूर्ण ध्रुवित असतो आणि पोलरायझर त्याला फक्त त्याच कोनात पूर्णपणे अडवू शकतो. काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो हे १८०८ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ मालुस यांच्या लक्षात आलं. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारा मावळतीचा प्रकाश ते कॅल्साइटच्या स्फटिकातून बघत होते. हा कोन पदार्थागणिक किती, याचा नियम १८१५ मध्ये स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी मांडला:

tan θ = n

θ म्हणजे तो कोन आणि n म्हणजे अपवर्तनांक, पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो ते सांगणारा आकडा. पाण्यासाठी तो १.३३, म्हणून कोन ५३ अंश. साध्या काचेसाठी साधारण १.५, म्हणून ५६ अंशांच्या जरा पुढे.

असं का होतं हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाण्यात शिरलेला प्रकाश पाण्यातल्या विद्युत प्रभारांना हलवतो आणि ते हलणारे प्रभारच परावर्तित प्रकाश बाहेर टाकतात. पण हलणारा प्रभार ज्या रेषेत हलतो त्या रेषेच्या दिशेने प्रकाश अजिबात टाकत नाही. परावर्तित किरण आणि पाण्यात वाकून गेलेला किरण यांच्यात बरोबर काटकोन झाला की उभ्या प्रतलातली कंपनं नेमकी परावर्तित किरणाच्या रेषेत येतात आणि त्या कंपनांचा प्रकाश परत येऊच शकत नाही. उरतात ती पृष्ठभागाला समांतर, आडवी कंपनं. पोलरायझर उभा धरला की तीही अडतात आणि चकाकी शून्यावर येते.

यातला ५३ अंश मोजतात तो लंबापासून, म्हणजे पाण्यावर सरळ उभ्या धरलेल्या काठीपासून. पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजलं तर तो ३७ अंश होतो. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोबाइलमधलं कोन मोजणारं ॲप क्षितिजापासूनचा कल दाखवतं, लोक त्यावर ५३ आणतात आणि पाण्याकडे गरजेपेक्षा जास्त खाली बघतात. क्षितिजापासून ३७ अंश खाली बघायचं आहे.

ॲपची खरं तर गरजच नाही. ५३ अंशांचा टॅन १.३३, म्हणजे जवळपास चार छेद तीन. कॅमेरा पाण्यापासून जितका उंच, त्याच्या सव्वापटीहून थोड्या जास्त, नेमकं सांगायचं तर १.३३ पट अंतरावरच्या पाण्याकडे बघा. ३ मीटर उंचीला ४ मीटर अंतर. गवंडी काटकोन काढायला जो तीन-चार-पाचचा त्रिकोण वापरतो, तोच इथे उभा राहतो. दोरीला गाठी मारून अंतर काढलं तरी भागतं.

पारोळा तालुक्यातल्या एका शेततळ्यावर हे कसं झालं ते सांगतो. पाणी बोअरचं, त्यामुळे बऱ्यापैकी नितळ. बांधाच्या माथ्यापासून पाणी दीड मीटर खाली. मोबाइल छातीच्या उंचीवर धरला की जमिनीपासून अंदाजे दीड मीटर. म्हणजे पाण्यापासून कॅमेरा ३ मीटर उंच. मालक बांधाच्या आतल्या कडेला उभे राहून तळ्याच्या मध्याकडे, पायांपासून साधारण १२ मीटरवर बघत होते. तिथे नजर पाण्याशी फक्त १४ अंशांचा कोन करते. इतक्या तिरक्या कोनात पाणी आभाळाचा सुमारे २३ टक्के उजेड परत फेकतं, आणि त्यातला जो भाग उभ्या कंपनांचा आहे तो पोलरायझर अडवूच शकत नाही. फिल्टर अचूक फिरवला तरी पृष्ठभाग उभ्या कंपनांच्या उजेडातला १३ टक्के हिस्सा परत फेकतच राहतो. काळ्या कागदावरून वर येणारा प्रकाश त्यापुढे टिकत नाही. फिल्टर फिरवल्यावर फरक दिसायचा, पण तळ दिसायचा नाही, तो याचमुळे.

मग नजर ४ मीटरवर आणली. ४ मीटर मोजायचे ते कॅमेऱ्याच्या सरळ खालून, पाण्याच्या कडेपासून नव्हे. उतार उंचीला दीडपट आडवा असल्यामुळे बांधाच्या कडेपासून पाण्याच्या कडेपर्यंतच सव्वादोन मीटर जातात. म्हणजे बघायचं पाण्याच्या कडेपासून पावणेदोन मीटर आत. तिथे पाणी एरवीही चारेक टक्केच प्रकाश परत फेकतं आणि तो सगळा आडव्या कंपनांचा असतो. फिल्टर फिरवताच आभाळ गेलं आणि कागदाचे जोड दिसू लागले. तळं सगळं एकदम दिसत नाही, नजरेच्या दोन्ही बाजूंना कमानीसारखा पसरलेला एक पट्टा तेवढा दिसतो. म्हणून बांधावरून चालत तो पट्टा पुढे सरकवत न्यायचा. अजून आतलं बघायचं तर बांबूला मोबाइल बांधून व्हिडिओ सुरू ठेवून उंच करा. कॅमेरा साडेचार मीटर उंच गेला की पट्टा ६ मीटरवर जातो.

काही झालं तरी बांधाच्या आतल्या उतारावर पाऊल ठेवू नका. ओला कागद निसरडा असतो आणि पाण्यात गेलेल्या माणसाला त्यावरून वर येता येत नाही. बघणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक बांधाबाहेरच्या माणसाकडे, एवढं केल्याशिवाय कडेला जाऊ नका.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची एक अडचण इथे कळते. त्याचं भिंग रुंद कोनाचं असतं, त्यामुळे चित्राच्या मध्यावर ३७ अंश असले तरी वरच्या कडेला नजर क्षितिजाच्या बरीच जवळ गेलेली असते. चित्र मध्ये काळं, वर पांढरं येतं ते फिल्टर खराब म्हणून नव्हे. दुप्पट झूम करा, म्हणजे चित्रात फक्त कामाचा पट्टा राहतो.

कोन अगदी नेमका साधला नाही तर किती बिघडतं? हे दोन्ही बाजूंना सारखं नाही, आणि तेच कामाला येतं. दहा अंश जास्त तिरकं, म्हणजे पाण्याशी २७ अंश करून बघितलं तर उभ्या कंपनांचा साधारण १ टक्का परत येतो. दहा अंश जास्त खाली बघितलं तर फक्त ०.४ टक्के. म्हणून शंका असेल तेव्हा पाण्याकडे थोडं खालीच बघावं, वर नको. मघाशी सांगितलेली ५३ आणि ३७ ची अदलाबदल झाली तरी पाऊण टक्काच उरतो, म्हणजे त्या चुकीने काम पूर्ण फसत नाही, फक्त चकाकीचा तवंग राहतो. दूरवर बघण्याची चूक मात्र सगळं घालवते.

वारा असेल तर हाच हिशेब प्रत्येक लाटेला लागू होतो. लाटेचा उतार जितका, तितका त्या जागी कोन बदलतो. शिवाय बाजूला कललेल्या लाटेवरून येणारी कंपनं आडवी न राहता तिरपी होतात, आणि एकाच स्थितीत धरलेला फिल्टर ती सगळी अडवू शकत नाही. चकाकीचे बारीक ठिपके सगळीकडे लखलखताना दिसले तर दोष वाऱ्याचा. त्यावर फिल्टरचा इलाज नाही, वारा पडण्याची वाट बघावी. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळ बहुधा शांत असते, पण सकाळी सूर्य खाली असतो, आणि तिथे पुढची अडचण सुरू होते.

सूर्याचं प्रतिबिंब आणि आभाळाचं प्रतिबिंब यांत फार मोठा फरक आहे. आभाळाचे शेवटचे अर्धा-एक टक्का उरले तरी चालतात, सूर्याचे नाहीत. तेवढ्यानेही चित्र जळतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जळगाव-पारोळ्याकडे भर मध्यान्हीलाही सूर्य साधारण ४५ अंशांवरच असतो, आणि आपल्या घड्याळात ही मध्यान्ह साडेबाराच्या जरा आधी येते. सकाळी साडेदहाच्या सुमारास आणि दुपारी अडीचच्या सुमारास तो बरोबर ३७ अंशांवर असतो. त्या वेळी सूर्य समोर असेल तर त्याचं प्रतिबिंब नेमकं तुमच्या पट्ट्यात पडतं, आणि पाठीशी असेल तर तुमच्या डोक्याची सावली नेमकी तिथेच पडते. दोन्ही टाळायला सूर्य बाजूला ठेवा. अकरा ते दीडच्या दरम्यान सूर्य दक्षिणेकडे असतो, तेव्हा पूर्वेच्या बांधावरून पश्चिमेला किंवा पश्चिमेच्या बांधावरून पूर्वेला बघा. मे अखेरीस तर मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्याचं प्रतिबिंब फक्त सरळ खाली बघणाऱ्याला दिसतं आणि पट्टा मोकळा राहतो. तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं, म्हणून अंतर पुन्हा मोजावं लागतं. कॅमेरा पाण्यापासून ४ मीटर उंच झाला असेल तर पट्टा सव्वापाच मीटरच्या जरा पुढे.

कधी कधी सगळं बरोबर असूनही तळ दिसत नाही. तेव्हा एकच तपासणी करा. उजेड कुलूपबंद ठेवून, ३७ अंशांवर, फिल्टर पूर्ण एक फेरा फिरवा. पाणी दोनदा उजळलं आणि दोनदा काळवंडलं तर फिल्टर काम करतोय. काळवंडलेल्या स्थितीतही जो मातकट किंवा हिरवट उजेड उरतो तो पृष्ठभागावरून येत नाही, पाण्याच्या आतून येतो. गाळाच्या कणांवरून आणि शेवाळावरून विखुरलेला हा प्रकाश फिल्टरने जात नाही. पाटाच्या किंवा नाल्याच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात पावसाळ्यानंतर बरेच दिवस असंच असतं. गाळ बसू द्या, दुसरा उपाय नाही.

हाच फिल्टर काचेसाठी वापरणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. सराफाच्या उभ्या शोकेसमधल्या दागिन्याचा फोटो घेताना फिल्टर तळ्यावर धरला तसाच धरला तर चकाकी उलट ठळक होते. काच उभी आहे आणि तुम्ही बाजूने बघताय, म्हणजे काचेला समांतर कंपनं आता उभी आहेत. फिल्टर तळ्यावरच्या स्थितीपासून पाव फेरा फिरवावा लागतो. जागा बदलते तीही अंतराच्या हिशेबाने. काचेपासून कॅमेरा २ फूट पुढे असेल तर दागिन्याच्या समोरून ३ फूट बाजूला सरका. सपाट काचेचा मागचा पृष्ठभागही त्याच जागेवरून स्वच्छ होतो, कारण आत वाकलेला किरण मागच्या पृष्ठभागावर त्याच्या ब्रूस्टर कोनातच पोचतो. मागे पारा लावलेला आरसा असेल तर मात्र हा नियम लागू नाही, धातूवरून परावर्तित प्रकाश कुठल्याच कोनात असा पूर्ण ध्रुवित होत नाही.

आता तळ्यातली चीर दिसली असं समजा. ती नेमकी कुठे आहे हे ठरवताना बहुतेक जण फसतात, कारण पाण्याच्या ज्या ठिकाणी ती दिसते त्याच्या सरळ खाली ती नसते. ब्रूस्टर कोनात हवेतला किरण ४ आडवा जाताना ३ खाली उतरतो, तर पाण्यातला किरण ३ आडवा जाताना ४ खाली उतरतो. म्हणजे चीर जितकी खोल, त्याच्या पाऊणपट ती आणखी पुढे असते.

वरच्याच तळ्यात कडेपासून पावणेदोन मीटर आत नजर पाण्यात शिरत होती. तिथे सरळ खाली कागद सव्वा मीटरच्याही आतच होता, म्हणून मालकांनी तेवढ्या खोलीवरची जागा धरली होती. पण पाण्यातला किरण उतारावरच्या कागदाला भेटतो तो कडेपासून साडेतीन मीटर आत, सुमारे २.३ मीटर खोलीवर. उतारावरून मोजलं तर दोन्ही जागांत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. पाणी किती उतरवायचं हे त्यावरच ठरतं. सव्वा मीटर उपसून ठिगळ लावायला गेले असते तर चीर अजून मीटरभर पाण्याखालीच राहिली असती. बांधाच्या माथ्यापासून उतारावर सात मीटरला जरा कमी, अशी खूण बांधावर रंगाने करून ठेवली, आणि पाणी गव्हाला देत देत पातळी तिथपर्यंत आणायचं ठरलं.